पॉलिसी होती, पण कशाची?

भटारखान्यातली सगळ्यात फसवी आग शेगडीवर दिसत नाही, ती शेगडीच्या वर, चिमणीत लपून असते. तळणाची कढई जास्त तापते, तेलाला भडका उठतो आणि ज्वाला एक्झॉस्टच्या तोंडात ओढली जाते. डक्टच्या आतल्या पत्र्यावर महिनोन्महिन्यांचा तेलकट थर चढलेला असतो. तो पेटला की आग डक्टमधून फॉल्स सीलिंगच्या वरून धावत जाते. खाली शेगडी विझवून आचारी घाम पुसतो, तोवर बाहेरच्या हॉलचे छत धुराने भरलेले असते. घाईत कुणी कढईवर पाणी ओतले तर ते पाणी क्षणात वाफ होऊन पेटते तेल चौफेर उडवते. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचे वेगळे सिलिंडर मिळते. अनेक ठिकाणी मात्र ते नसते, किंवा असले तरी तांदळाच्या पोत्यांमागे गेलेले असते.

या लेखासाठी अशीच एक आग आपण कल्पनेने लावू. नाशिक-पुणे महामार्गावर नारायणगावच्या पुढे एक फॅमिली हॉटेल आहे असे धरू. बसायला ऐंशी जागा, भाड्याची इमारत, आतली सजावट आणि भटारखाना मालकाने स्वतःच्या पैशाने उभा केलेला. हॉटेल काल्पनिक आहे आणि आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. त्यांना लागणारे नियम मात्र खरे आहेत.

बंब निघून गेल्यावर मालक एजंटाला फोन करतो. "पॉलिसी चालू आहे ना?" एजंट म्हणतो, "आहे की शेठ, मार्चलाच रिन्यू केली." दोघेही खरे बोलत असतात. तरीही पुढचे सहा महिने कसे जातील ते या एका उत्तरावरून कळत नाही. ज्याला आपण सरसकट 'हॉटेलचा विमा' म्हणतो, तो एकच करार नसतो. त्यात निदान चार वेगवेगळे करार असतात आणि प्रत्येक करार वेगळ्या घटनेची वाट पाहत असतो. आगीच्या करारात मालमत्ता जळालेली लागते. चोरीच्या करारात कुणी फोडून आत शिरलेले लागते. गिऱ्हाइकाच्या इजेच्या करारात मालकावर कायद्याने जबाबदारी आलेली लागते. धंदा बंद पडल्याच्या करारात तर आधी आगीचा दावा मान्य झालेला लागतो. कंपन्या हे सारे एका 'पॅकेज पॉलिसी'त बांधून विकतात, पण आतले विभाग वेगळेच राहतात. ज्या विभागापुढे विमा रक्कम आणि प्रीमियम लिहिलेला नाही, तो विभाग घेतलेलाच नाही.

छत्तीस लाखांची पॉलिसी आणि साठ लाखांचे हॉटेल

आपल्या मालकाने तीन वर्षांपूर्वी बँकेकडून छत्तीस लाखांचे कर्ज घेतले. बँकेने कर्जासोबत विमा काढायला लावला आणि विमा रक्कम कर्जाएवढीच धरली. असे सर्रास होते, कारण बँकेला तिच्या पैशापुरते संरक्षण हवे असते. मालकाला मात्र अख्ख्या हॉटेलचे संरक्षण हवे असते. या दोन गरजा वेगळ्या आहेत हे आग लागेपर्यंत कुणी बोलत नाही.

भारतात लहान धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आगीच्या पॉलिसीचा ठरलेला मसुदा आहे. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंतची असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि पाच ते पन्नास कोटींची असेल तर 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. कंपनी कोणतीही असो, यातल्या मूळ अटी विमा नियामकाने आखून दिलेल्या असतात. नाव आगीचे असले तरी स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हेही त्यात येते. गॅस सिलिंडरचा स्फोट झाला तर वेगळी पॉलिसी शोधावी लागत नाही.

आता सर्व्हेअर येतो. हा कंपनीचा नोकर नसतो, परवानाधारक स्वतंत्र माणूस असतो. तो सर्वांत आधी काय जळाले ते विचारत नाही. त्याला आधी हवे असते ते आगीपूर्वी इथे एकूण काय होते याचे उत्तर.

"सगळं नव्यानं उभं करायचं म्हटलं तर आज किती लागतील, शेठ?"

"भटारखाना चोवीस लाख. हॉल, फर्निचर, एसी, वायरिंग मिळून तेहेतीस. कोठीतला माल तीनेक लाख."

"म्हणजे साठ. आणि पॉलिसी छत्तीसची."

"पण साहेब, जळालंय वीस लाखांचंच. छत्तीसच्या आतच आहे की."

मालकाचे म्हणणे रास्त वाटते, पण विम्याचा हिशेब असा चालत नाही. साठ लाखांच्या मालमत्तेवर छत्तीस लाखांचा विमा घेतला, म्हणजे मालकाने साठ टक्केच जोखीम कंपनीकडे दिली. उरलेली चाळीस टक्के जोखीम त्याने स्वतःकडे ठेवली, आणि ती प्रत्येक नुकसानीत राहते. म्हणून वीस लाखांच्या नुकसानीचे साठ टक्के, म्हणजे बारा लाख, कंपनी देईल आणि आठ लाख मालकाचे जातील. त्या बारा लाखांतूनही पॉलिसीत ठरलेली मालकाच्या वाट्याची किमान रक्कम वजा होईल. प्रत्यक्षात हे प्रमाण फर्निचर, यंत्रे, माल अशा प्रत्येक खात्याला वेगळे लावतात. आपण तिन्ही खात्यांत ते सारखेच धरले आहे.

नव्या मसुद्यात एक सवलत आहे. विमा रक्कम खऱ्या किमतीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर हे प्रमाण लावत नाहीत. आपल्या उदाहरणात एक्कावन्न लाखांचा विमा असता तरी वीस लाखांचे नुकसान कपातीशिवाय मोजले गेले असते. तूट त्याहून मोठी झाली की सवलतीचा उपयोग उरत नाही.

हा साठ लाखांचा आकडा काढतानाच बहुतेक चुका होतात. पहिली चूक म्हणजे ताळेबंदातली किंमत धरणे. ताळेबंदात सहा वर्षांचा तंदूर आणि डीप फ्रीजर घसारा जाऊन जवळपास फुकट झालेले असतात. पॉलिसी 'नव्याने उभारण्याच्या किमती'वर असेल तर आजच्या बाजारात तशीच नवी वस्तू कितीला पडेल तो आकडा लागतो. दुसरी चूक जीएसटीची, आणि ती हॉटेलवाल्यांची खास. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही. त्यामुळे पाच लाखांची हूड आणि डक्ट अठरा टक्के कर धरून पाच लाख नव्वद हजारांना पडते आणि हे नव्वद हजार परत येत नाहीत. विमा रकमेत ते धरले नाहीत तर तूट तिथूनच सुरू होते. तिसरी चूक भाड्याच्या जागेची. भिंती घरमालकाच्या, पण फॉल्स सीलिंग, टाइल्स, काउंटर, वायरिंग तुमचे. घरमालकाच्या पॉलिसीत हे येत नाही. तुमच्या पॉलिसीत 'फर्निचर, फिक्स्चर, फिटिंग' म्हणून वेगळे लिहिले नसेल तर ते कुणाच्याच पॉलिसीत नसते.

'नव्याने उभारण्याची किंमत' या शब्दांत आणखी एक मेख आहे. कंपनी ती किंमत देते तुम्ही खरोखर नव्याने उभारल्यावर. जळालेला तंदूर बदललाच नाही, तर जुन्या तंदुराची घसारा वजा जाता राहिलेली किंमतच मिळते. हाती भांडवल नसलेल्या मालकाला म्हणूनच पहिल्या महिन्यात बँकेशी किंवा पुरवठादाराशी उधारीची बोलणी करावी लागतात. दावा अंशतः मान्य होत असेल तर कंपनीकडे हंगामी रक्कम लेखी मागता येते, आणि ती मागावीच.

काय मिळत नाही तेही पाहू. आचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे आग लागली म्हणून दावा बुडत नाही. माणसांच्या चुकांसाठीच तर विमा असतो. मालकाने स्वतः मुद्दाम लावलेली आग नाकारली जाते. शॉर्टसर्किटने एसी जळाला तर तो एसी स्वतः आगीच्या विभागात येत नाही, पण त्यातून पसरलेल्या आगीत जळालेला हॉल येतो. वीज जाऊन फ्रीजर बंद पडला आणि मटण-मासळी नासली तर तिथे आग लागलेलीच नसते. त्यासाठी वेगळे कव्हर घ्यावे लागते.

सर्वांत धोक्याची जागा न सांगितलेल्या गोष्टींची असते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन पबमध्ये आग पसरली आणि चौदा जणांचा जीव गेला. गच्चीवरचे झटकन पेटणारे छत त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राच्या चर्चेत आले. तशी छते आजही महामार्गावर दिसतात. कुठे बांबू-ताडपत्रीचा मांडव असतो, कुठे शाकारलेली 'गार्डन सेक्शन'. प्रपोजल फॉर्मवर बांधकाम 'पक्के, आरसीसी' असे लिहून मागे असा मांडव उभा केला तर कंपनीला एकच प्रश्न विचारायचा असतो. हे माहीत असते तर आम्ही याच दराने विमा दिला असता का? उत्तर 'नाही' असेल तर दावा अडकतो. मांडव घालायचा असेल तर आधी कंपनीला लेखी कळवावे आणि पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्यावी. प्रीमियम थोडा वाढेल.

याच सुमारास सर्व्हेअर 'फॉर्म बी' मागतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली आगीची यंत्रणा चालू असल्याचे हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायचे असते. ते नसले म्हणून दावा आपोआप रद्द होत नाही. पण पॉलिसीत 'अग्निशमन साधने चालू ठेवीन' अशी हमी तुम्ही दिली असेल, तर ती पाळल्याचा पुरावा हाच कागद असतो. डक्ट साफ केल्याच्या पावत्यांचेही तसेच.

कुलूप तुटले होते का?

आता चोरीचा करार. आपल्या हॉटेलात आगीच्या चौथ्या रात्री कुणीतरी अर्धवट जळालेल्या मागच्या दारातून शिरून दोन मिक्सर आणि तांब्याची भांडी नेली असे धरू. ही चोरी गंमत म्हणजे आगीच्याच पॉलिसीत येते. आगीसारख्या विमा असलेल्या घटनेमुळे जागा उघडी पडली आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ते नुकसान त्याच घटनेचा भाग मानतात. आठव्या दिवशी ही सोय संपते. म्हणून जळालेल्या हॉटेलला पहिल्याच आठवड्यात पत्रे ठोकून कुलूप लावावे आणि त्याच्या खर्चाची पावती जपून ठेवावी.

एरवीच्या दिवसांसाठी घरफोडीचा विभाग लागतो, आणि त्याचा सगळा भार एका अटीवर असतो. चोर जोर लावून, काहीतरी फोडून आत शिरलेला किंवा बाहेर पडलेला हवा, आणि त्याच्या खुणा दिसायला हव्यात. शटर उचकटले, पत्रा कापला, कडी तोडली तर दावा उभा राहतो. काउंटरवर गर्दी असताना कुणी टॅब उचलून नेला तर साधी चोरी झाली. ती हवी असेल तर वाढीव कव्हर घ्यावे लागते. पंचनामा करताना पोलीस शिपायाने 'चोरी झाली' एवढेच लिहिले आणि तुटलेल्या कुलपाचा उल्लेख राहिला, तर पुढे तोच कागद मालकाच्या आड येतो. कुलूप फेकू नये, फोटो काढावेत, आणि पंचनाम्यात 'कुलूप तोडून' हे शब्द आहेत ना ते सहीआधी वाचावे.

हॉटेलात त्याहून जास्त होते ती आतल्या माणसाची चोरी. कॅप्टन गल्ल्याची किल्ली ठेवण्याची जागा ओळखतो, कोठी सांभाळणारा दर आठवड्याला तेलाचा एखादा डबा बाहेर काढतो. इथे काहीच तुटलेले नसते, म्हणून घरफोडीचा विभाग हात वर करतो. यासाठी 'फिडेलिटी गॅरंटी' नावाचा वेगळा करार असतो. तो नोकराच्या अप्रामाणिकपणाचे नुकसान भरून देतो, पण नोकर कोण, त्याचे काम काय, हिशेब किती दिवसांनी तपासला जातो हे आधी लिहून घेतो. कोठीचा साठा महिन्यातून एकदाही मोजला जात नसेल तर चोरी कधी आणि किती झाली हेच सिद्ध होत नाही.

रोकड हाही निराळा विभाग. त्यात बँकेत नेतानाची रोकड, दिवसा गल्ल्यातली रोकड आणि रात्री तिजोरीतली रोकड अशा तीन अवस्था वेगळ्या मोजतात. रात्री हॉटेल बंद झाल्यावर पैसे तिजोरीत कुलूपबंद हवेत, ही अट जवळपास ठरलेलीच. रविवारची रोकड लाकडी ड्रॉवरमध्ये ठेवून घरी गेलात तर त्या रात्रीपुरते तुम्ही विम्याबाहेर असता.

गिऱ्हाईक आत आले की

तिसऱ्या करारात पैसे मालकाला मिळत नाहीत. मालकाच्या वतीने दुसऱ्याला मिळतात. याला पब्लिक लायबिलिटी म्हणतात. ओल्या फरशीवरून घसरून म्हाताऱ्या बाईंचे खुब्याचे हाड मोडले, गरम सांबाराचे भांडे लहान मुलाच्या अंगावर सांडले, लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली, अशा प्रसंगांसाठी हा विभाग असतो. इथे लक्षात ठेवायचे ते असे की गिऱ्हाइकाला इजा झाली एवढ्याने हा करार जागा होत नाही. कायद्याने ती मालकाची जबाबदारी ठरली तरच तो पैसे देतो. स्वतःच्या आजाराने चक्कर येऊन कुणी पडले, तर माणुसकी म्हणून मालक दवाखान्यात नेईल. विमा मात्र तो खर्च देईलच असे नाही.

ही जबाबदारी कुठवर जाते याचे एक ठळक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१९ मधल्या निकालात आहे. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने आपली मारुती झेन पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाकडे दिली, आणि परत येईपर्यंत ती चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जबाबदारीवर असल्याचे छापलेले होते. न्यायालयाने म्हटले की गाडीची किल्ली ताब्यात घेतली म्हणजे गाडी सांभाळण्याची जबाबदारी आली. पुरेशी काळजी घेतली हे हॉटेलने दाखवावे लागेल, आणि निष्काळजीपणा झाकायला ती छापील ओळ पुरणार नाही. 'वाहने मालकांच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावून निर्धास्त झालेल्या सगळ्यांनी हा निकाल वाचावा असा आहे. विम्याच्या अंगाने त्याला आणखी एक पदर आहे. पब्लिक लायबिलिटीच्या साध्या पॉलिसीत 'तुमच्या ताब्यात, सांभाळायला दिलेली दुसऱ्याची वस्तू' बहुधा वगळलेली असते. तुमचा माणूस गाड्या लावत असेल तर व्हॅले पार्किंगचे वाढीव कलम मागून घ्यावे लागते. खाद्यपदार्थांतून होणारी इजा आणि पोहण्याचा तलाव यांचेही तसेच आहे. ती कलमे जोडली असल्याचे पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये नावानिशी दिसायला हवे.

या पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. समजा एका घटनेला पंचवीस लाख आणि वर्षाला एक कोटी आहे. साखरपुड्याच्या जेवणातून सत्तर माणसांना विषबाधा झाली तर मालकाला वाटते, आपल्याकडे कोटी आहेत. पण एकाच स्वयंपाकातून झालेली विषबाधा ही एकच घटना, म्हणून सत्तर जणांना मिळून पंचवीस लाख. वकिलाचा खर्चही बहुधा त्यातूनच जातो. कार्यक्रमांच्या ऑर्डरी घेणाऱ्याने म्हणून मोठा आकडा पाहून हुरळून न जाता आधी एका घटनेचा आकडा पाहावा.

अशा पॉलिसी बहुतेक वेळा 'दावा केल्याच्या दिवशी चालू असलेली पॉलिसी' या तत्त्वावर चालतात. इजा मागच्या वर्षी झाली आणि नोटीस यंदा आली, तर यंदाची पॉलिसी चालू हवी आणि तिच्यावरची 'मागील तारीख' त्या इजेच्या आधीची हवी. स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदलताना नव्या कंपनीने ही तारीख नव्याने आजपासून लिहिली, तर जुन्या वर्षांचे सारे प्रसंग उघडे पडतात. कंपनी बदलायला हरकत नाही, फक्त जुनी तारीख पुढे चालू ठेवून घ्यावी.

आणखी दोन मर्यादा थोडक्यात. हॉटेलचा वेटर भाजला तर तो 'तिसरा पक्ष' नाही. त्याच्यासाठी ईएसआय किंवा कर्मचारी भरपाईचा विमा वेगळा असावा लागतो. फौजदारी दंड आणि शिक्षा तर कुठलाच विमा भरत नाही. आणि घटना घडल्यावर नातेवाइकांपुढे 'चूक आमचीच, सगळा खर्च आम्ही देतो' असे लिहून देऊ नये. धीर द्यावा, दवाखान्यात न्यावे, पण जबाबदारी कंपनीच्या संमतीशिवाय कबूल केली तर करारातली अट मोडते.

बंद शटरमागचा खर्च

आता आपल्या आगीकडे परत येऊ. दुरुस्तीला तीन महिने लागणार आहेत. आगीचा करार डक्ट, सीलिंग आणि फर्निचर देईल. पण घरमालकाचे भाडे चालूच आहे, कर्जाचे व्याज चालू आहे, दहा वर्षे सोबत असलेल्या आचाऱ्याला पगार दिला नाही तर तो शेजारच्या हॉटेलात जाईल. हा खर्च आणि बुडालेला नफा यासाठी चौथा करार, कंपन्यांच्या भाषेत 'फायर लॉस ऑफ प्रॉफिट'. आपल्याकडच्या लहान हॉटेलांत तो फार कमी दिसतो. बँक तो मागत नाही, म्हणून एजंटही सुचवत नाही.

त्याचा पाया 'ढोबळ नफा' हा आकडा. तो सीएच्या ताळेबंदातल्या ढोबळ नफ्याहून वेगळा असतो. आपल्या हॉटेलची वर्षाची विक्री एक कोटी ऐंशी लाख धरू. त्यातले पंचावन्न टक्के किराणा, भाजी, मटण, गॅस, पॅकिंग असे विक्रीबरोबर वाढणारे आणि विक्री थांबली की थांबणारे खर्च आहेत. उरलेले पंचेचाळीस टक्के म्हणजे एक्क्याऐंशी लाख. यात भाडे, पगार, व्याज असे न थांबणारे खर्च चौपन्न लाख आणि निव्वळ नफा सत्तावीस लाख. विमा या एक्क्याऐंशी लाखांचा घ्यायचा. फक्त सत्तावीस लाखांचा घेतला, तर आगीच्या विभागात पाहिलेले प्रमाण इथेही लागते आणि दावा एक तृतीयांशावर येतो.

आग एप्रिलच्या सुरुवातीला लागली असे धरू. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत मागच्या वर्षी पंचेचाळीस लाखांची विक्री झाली होती. मालक हातावर हात धरून बसला नाही. शेजारचा गाळा भाड्याने घेऊन त्याने पार्सल सुरू केले आणि त्यातून नऊ लाख आले. विक्रीतली घट छत्तीस लाख, तिचे पंचेचाळीस टक्के म्हणजे सोळा लाख वीस हजार. गाळ्याचे भाडे आणि इतर जादा खर्च दीड लाख झाला. हा खर्च केला म्हणून नऊ लाखांची विक्री वाचली, तिच्यातला ढोबळ नफा चार लाख पाच हजार. जादा खर्च त्याहून कमी आहे, म्हणून तो पूर्ण मिळतो. दुसऱ्या बाजूने काही वेटर गावी गेल्याने पगाराचे एक लाख वीस हजार वाचले, ते वजा होतात. एकूण साडेसोळा लाख. यातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांचा नफा मालकाच्या वाट्याला सोडला जातो, कारण अशा पॉलिसीत पहिले काही दिवस कंपनी देत नाही.

या आकडेमोडीत एक शांत शिक्षाही आहे. सर्व्हेअर मागची विक्री जीएसटी विवरणपत्रांतून आणि बँकेच्या खात्यातून काढतो. बिल न फाडता घेतलेली रोख विक्री त्याच्या लेखी झालेलीच नसते. मालक तेव्हा कितीही शपथेवर सांगो, वर्षभर जी विक्री लपवली तिचा विमा मिळत नाही.

या कराराला मुदत असते. ती आग लागल्यापासून सुरू होते आणि विक्री मूळ पातळीवर येईपर्यंत किंवा निवडलेले महिने संपेपर्यंत चालते. दुरुस्ती तीन महिन्यांत होईल म्हणून तीन महिन्यांचीच मुदत घेणे चुकीचे. मध्ये अग्निशमन विभागाची परवानगी येते, वीज जोडणी येते, आणि सर्वांत अवघड म्हणजे दुसरीकडे जेवायला लागलेली माणसे परत यावी लागतात. महामार्गावरच्या हॉटेलला ट्रॅव्हल्सच्या गाड्या पुन्हा वळवायलाच एक हंगाम जातो. वर्षाची मुदत घेतली तर प्रीमियम वाढतो, पण खरे नुकसान साधारण तितकेच लांबते.

सर्वांत कडक अट म्हणजे आधी मालमत्तेचे नुकसान झालेले हवे, आणि त्याचा दावा आगीच्या पॉलिसीत मान्य झालेला हवा. मार्च २०२० मध्ये देशभर शटर खाली आली तेव्हा हे अनेकांना पहिल्यांदा समजले. धंदा पूर्ण बंद होता, पण हॉटेलची एक खुर्चीही जळालेली नव्हती. साध्या पॉलिसीत त्या बंदीला जागाच नव्हती. आणि आगीचा दावा फेटाळला गेला, तर नफ्याचा दावा त्याच्यासोबत जातो. म्हणून मांडवाची लपवलेली ताडपत्री एकट्या फर्निचरचे पैसे बुडवत नाही, तीन महिन्यांचे पगारही बुडवते.

दावा नाकारला तर

नाकारण्याचे पत्र लेखी आणि कारणासह मागावे, आणि कुठल्या कलमाखाली नाकारले ते पाहावे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे. ही सोय वैयक्तिक विम्यापुरती आहे असा समज आहे, पण एकट्या मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योगही त्यात येतात. पन्नास लाखांपर्यंतचा वाद तिथे विनाशुल्क आणि वकिलाशिवाय मांडता येतो. आपल्या काल्पनिक हॉटेलसारखी बहुतेक हॉटेले या चौकटीत बसतात.

लोकपालापुढे आणि सर्व्हेअरपुढे शेवटी तेच कागद लागतात. चालू बाजारभावाने, करासह केलेली वस्तूंची यादी. ती मोबाइलवर काढलेल्या फोटोंसह हॉटेलच्या बाहेर, ईमेलवर ठेवलेली हवी, कारण फाइल बहुधा गल्ल्याखालीच जळते. प्रपोजल फॉर्मची सही केलेली प्रत. फॉर्म बी, डक्ट सफाईच्या पावत्या, महिन्याचा कोठीचा साठा, जीएसटी विवरणपत्रे. यांतला एकही कागद आगीनंतर तयार करता येत नाही.

रिन्यूअलला एजंट येतो तेव्हा बोलणे प्रीमियमपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ते मालकाने साठ लाखांपासून सुरू करावे. आज सगळे नव्याने किती पडेल, रात्री रोकड कुठे असते, एका पंगतीत किती माणसे जेवतात, तीन महिने विक्री बंद राहिली तर कुठले खर्च थांबणार नाहीत. ही चार उत्तरे आधी लिहून एजंटाच्या हातात दिली की प्रीमियम किती हे आपोआप निघते. उलट क्रमाने गेले तर छत्तीस लाखच निघतात.